फेनिटोइन : नळी निघण्याआधी डोसाचा हिशेब पुन्हा करून घ्या

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, वजन ६० किलो. डोक्याला मार लागल्यावर दोनदा फिट आली, तेव्हापासून फेनिटोइन चालू आहे. नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी फीड देतो, सस्पेन्शनही त्यातूनच. ३०० वर लेव्हल ५ आली म्हणून डॉक्टरांनी ४०० केले, आता ११ आहे. पुढच्या आठवड्यात नळी काढून गोळी सुरू करणार आहेत. दुकानदार म्हणतो, दुसऱ्या कंपनीची घ्या, औषध तेच. हिरड्याही वाढल्यासारख्या दिसतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर :

नळी निघण्याच्या आधीच डॉक्टरांकडून पुढचा डोस लिहून घ्या. आजचे ४०० मिलिग्रॅम हे फीडमुळे वाया जाणारा भाग धरून ठरलेले आहेत, आणि नळीतले फीड बंद झाले की तो भागही रक्तात जाऊ लागेल. मात्र डोस स्वतःहून कमी करू नका आणि औषध एकदम थांबवू तर मुळीच नका, कारण त्यातून लागोपाठ फिट्स येण्याचा धोका असतो. रुग्णालयाच्या औषधविभागात मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि फेनिटोइनची विषबाधा होऊन परत आलेले रुग्ण मी पाहिले ते बहुतेक असेच, काहीतरी ‘किरकोळ’ बदलल्यानंतरचे.

हे औषध इतके संवेदनशील का, हे समजले की बाकीच्या सूचना आपोआप पटतील. यकृतातली एन्झाइमची जी यंत्रणा फेनिटोइन मोडते, तिची ताकद उपचाराच्या नेहमीच्या लेव्हललाच संपत येते. टोलनाक्यावरच्या सगळ्या खिडक्या भरल्या की पुढे येणारी प्रत्येक गाडी रांगेतच भर घालते, तसे येथे होते. सरासरी प्रौढाचे यकृत दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ७ मिलिग्रॅम फेनिटोइन मोडू शकते, म्हणजे ६० किलोला ४२०. आणि रक्तातली लेव्हल ४ असतानाच त्यातली निम्मी ताकद वापरात आलेली असते. या सरासरीवर हिशेब केला तर दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर लेव्हल सुमारे ८, ३५० वर १३ आणि ४०० वर थेट २८ येते. हवी असलेली लेव्हल १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. पहिल्या पन्नासाने लेव्हल पाचने वाढली आणि दुसऱ्या पन्नासाने पंधराने. म्हणूनच लेव्हल एकदा सात-आठच्या वर गेली की जाणकार डॉक्टर २५ ते ५० मिलिग्रॅमपेक्षा मोठी उडी घेत नाहीत.

आता तुमच्या वडिलांचे आकडे याच हिशेबात घालून पाहू. ३०० वर लेव्हल ५ होती, याचा अर्थ दिवसाला साधारण २३३ मिलिग्रॅमच रक्तात पोहोचत होते, म्हणजे तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक. त्याच प्रमाणात ४०० पैकी ३११ पोहोचतात आणि त्यावर लेव्हल ११ च्या आसपास यायला हवी. तुमचा रिपोर्ट याच्याशी जुळतो. नळी निघाली आणि हेच सस्पेन्शन ४०० मिलिग्रॅम तोंडाने पूर्ण शोषले जाऊ लागले, तर रोज सुमारे ९० मिलिग्रॅम शिल्लक साठत जातील. त्यामुळे लेव्हल सुरुवातीला दिवसाला दोनने चढेल, पाच-सहा दिवसांत २० ओलांडेल आणि दहाव्या दिवशी २५ च्या घरात असेल. तेथेही ती थांबणार नाही, कारण रोजची आवक यकृताच्या कमाल ताकदीला जवळजवळ भिडलेली आहे. गोळी दिली तर चढ थोडा संथ असेल, तरी शेवट २८ वर होईल. हे सरासरीचे आकडे आहेत. उतारवयात किंवा जन्मतः हे एन्झाइम मंद असलेल्यांत यकृताची ताकद आणखी लवकर संपते. म्हणून यातला एकही आकडा डोस ठरवण्यासाठी वापरू नका, पण नळी निघाल्यावर लेव्हल किती वेगाने चढू शकते हे त्यातून कळते.

फसगत होते ती पहिल्या आठवड्यात. नळी निघाली, माणूस तोंडाने खाऊ लागला, घरात सगळे खूश असतात, आणि दुसऱ्या आठवड्यात तो झोपाळू होतो तेव्हा दोष डोक्याच्या दुखापतीला दिला जातो. चालणाऱ्या माणसाचा तोल जातो हे लगेच लक्षात येते. अंथरुणावरच्या माणसात ते कळत नाही. त्यामुळे रोज एकदा डोळे पाहा. चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर बोट धरून ते सावकाश डावीकडे आणि मग उजवीकडे न्या व वडिलांना नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे पाहायला सांगा. कडेला नजर नेल्यावर बुबुळे झटके देत थरथरत असतील, आणि ती आधी तशी थरथरत नव्हती, तर लेव्हल बहुधा २० च्या वर गेली आहे. त्याच्या पुढे बोलणे अडखळते, उलटी होते, गुंगी वाढते. फार चढलेल्या लेव्हलला फिट्ससुद्धा वाढू शकतात आणि ‘औषध कमी पडतेय’ असे समजून डोस वाढवला जातो. थरथर दिसली तर पुढचा डोस देण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

नळी निघेपर्यंत देण्याची पद्धत बदलू नका, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुस्तकातला नियम असा की औषधाच्या आधी आणि नंतर किमान एक ते दोन तास फीड बंद ठेवावे, नळी पाण्याने धुवावी, घट्ट सस्पेन्शन तेवढ्याच पाण्यात पातळ करून द्यावे आणि पुन्हा पाणी सोडावे. सुरुवातीपासून हे केले असते तर उत्तमच होते. पण तुमचे ४०० हे सध्याच्या पद्धतीवर ठरलेले आहेत. आजपासून अचानक दोन-दोन तासांचे अंतर ठेवू लागलात तर शोषण वाढेल आणि नळी असतानाच लेव्हल चढेल. अंतर ठेवायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. फक्त बाटली प्रत्येक वेळी नीट हलवा आणि चमच्याऐवजी सिरिंजने मोजा. न हलवलेल्या बाटलीत औषध तळाशी बसते, त्यामुळे सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात. बाटलीवरचा आकडाही वाचा, कारण ५ मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम अशी दोन्ही सस्पेन्शने असतात, आणि ‘एवढे एमएल’ एवढेच लक्षात ठेवणाऱ्या घरात नव्या बाटलीबरोबर डोस चौपट होऊ शकतो.

सस्पेन्शनवरून गोळीवर येताना आणखी एक हिशेब आहे. सस्पेन्शनमध्ये शुद्ध फेनिटोइन असते, तर नेहमीच्या गोळ्या-कॅप्सूलमध्ये त्याचे सोडियम मीठ, ज्याच्या १०० मिलिग्रॅममध्ये फेनिटोइन ९२ असते. आठ टक्क्यांचा हा फरक इतर औषधांत कोणी विचारातही घेत नाही. येथे मात्र वरच्याच हिशेबाने ३५० च्या गोळ्यांवरची १३ ची लेव्हल तेवढ्याच सस्पेन्शनवर २० होते.

दुकानदाराचे म्हणणे औषधाच्या नावापुरते खरे आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास फेनिटोइन घेणाऱ्या अनेकांना एकाएकी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. डोस तोच होता, कॅप्सूलमधले औषधही तेवढेच होते. उत्पादकाने फक्त भरणीचा पदार्थ, कॅल्शियम सल्फेट, बदलून त्याजागी लॅक्टोज घातले होते आणि त्यामुळे औषध जास्त शोषले जाऊ लागले. आजची उत्पादने तपासणीतून जातात, म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी वाईट असे मी म्हणणार नाही. पण एकदा ज्या कंपनीच्या आणि ज्या प्रकारच्या गोळीवर लेव्हल बसेल तीच पुढे चालू ठेवा, साधी गोळी आणि औषध हळूहळू सोडणारी ईआर गोळी यांची अदलाबदल करू नका, आणि ईआर गोळी कुटून तर कधीच देऊ नका. आठवडाभराची गोळी शिल्लक असतानाच दुकानात जा, म्हणजे ‘आज हीच आहे’ हे ऐकून घ्यावे लागणार नाही. बदल टळतच नसेल तर डॉक्टरांना कळवा आणि दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल करा.

लेव्हलच्या तपासणीबद्दल दोन गोष्टी. रक्त सकाळचा डोस देण्यापूर्वी आणि दरवेळी त्याच वेळेला द्या. शेवटचा डोस केव्हा दिला ते कागदावर लिहा. डोस किंवा औषधाचे रूप बदलल्यावर दोन-तीन दिवसांत केलेली लेव्हल खोटा दिलासा देते, कारण ती अजून चढत असते. नळी निघाल्यावर एक तपासणी पाचव्या ते सातव्या दिवशी, चढ ओळखण्यासाठी, आणि दुसरी तिसऱ्या आठवड्यात, स्थिरावलेला आकडा पाहण्यासाठी, अशी मागणी डॉक्टरांकडे करा.

दुसरे म्हणजे त्याच रक्तात अल्ब्युमिन तपासून घ्या. फेनिटोइनचा सुमारे ९० टक्के भाग या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि परिणाम करतो तो मोकळा भाग. रिपोर्टमध्ये मात्र दोन्हींची बेरीज असते. बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाचे अल्ब्युमिन २.५ पर्यंत उतरलेले असणे नवल नाही. तसे असेल तर मोजलेल्या आकड्याला ०.६ ने भागतात (अल्ब्युमिन गुणिले ०.२, अधिक ०.१), म्हणजे तुमची ११ ची लेव्हल प्रत्यक्षात १८ च्या तोडीची ठरते. वरचा सगळा हिशेब मी अल्ब्युमिन ठीक आहे असे धरून केला आहे. ते कमी असेल तर धोका आणखी जवळ आहे. मूत्रपिंड निकामी असेल किंवा सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट्सचे दुसरे औषध चालू असेल तर हे सूत्रही विश्वासाचे राहत नाही, आणि मोठ्या प्रयोगशाळेतून ‘फ्री फेनिटोइन’ करून घ्यावे लागते.

हिरड्यांचे म्हणाल तर फेनिटोइन घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्या कमीअधिक वाढतात. सुरुवात दोन-तीन महिन्यांत, पुढच्या दातांच्या मधल्या त्रिकोणी टोकांपासून होते, आणि वाढ घट्ट, गुलाबी व बहुधा न दुखणारी असते. दुखत असेल, लाल असेल, हात लावताच रक्त येत असेल, तर त्यात संसर्गही आहे. नळीवरच्या माणसाचे दात घासायचे राहून जातात, कारण तो तोंडाने काही खात नाही. पण दातांवरचा थर जमतच राहतो आणि वाढीला तोच खतपाणी घालतो. मान उंच करून, कुशीवर वळवून, मऊ ब्रशने दोनदा दात घासा; चूळ भरता येत नसेल तर दंतवैद्याने सांगितलेले क्लोरहेक्सिडीन कापडाच्या बोळ्याने लावा. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानेही हिरड्या वाढतात.

फॉलिक अ‍ॅसिडबद्दल कोणीतरी सुचवेलच. दिल्लीच्या एम्समधल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या २१ टक्के मुलांत हिरड्या वाढल्या, तर न घेणाऱ्या ८८ टक्के मुलांत. पण ती मुले होती आणि औषध सुरू होतानाच फॉलिक अ‍ॅसिड दिले होते. वाढलेली हिरडी त्याने ओसरते असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय मोठ्या डोसातले फॉलिक अ‍ॅसिड फेनिटोइनची लेव्हल खाली आणते, म्हणून घरात पडलेली ५ मिलिग्रॅमची गोळी परस्पर सुरू करू नका. हिरडी कापण्याची घाईही नको. फेनिटोइन चालू राहिले तर ती पुन्हा वाढते, आणि बदलले तर काही महिन्यांत बरीचशी आपोआप ओसरू शकते. तेव्हा फेनिटोइनच ठेवायचे की लेव्हेटिरासेटामसारखे दुसरे औषध आणायचे, हे आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, आणि दंतवैद्याकडून तोपर्यंत फक्त दातांची सफाई करून घ्या.