अस्ताई, अस्थायी की स्थायी? आणि अंतरा किती वेगळा असावा?

प्रश्न : "सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांवर छोटीशी बंदिश करतोय, भूपात, मध्यलय तीनताल. पहिली ओळ ठरवलीय, 'सिद्धरामा मी शरण तुला'. क्लासमधल्या बाई म्हणतात आधी अस्ताई पक्की करा मग अंतरा. वहीत मी अस्थायी लिहिलं तर मित्र म्हणाला अस्थायी म्हणजे तात्पुरतं. मग जी ओळ सारखी परत येते ती तात्पुरती कशी? आणि अंतरा वेगळा पाहिजे म्हणजे नक्की किती वेगळा?"

मित्राचं बरोबर आहे आणि बाईंचंही बरोबर आहे. मूळ शब्द स्थायी, 'स्था' धातूवरून, टिकून राहणारी. आपल्या महापालिकेतली स्थायी समिती तीच ही स्थायी. अस्थायी हा मराठीत वेगळा शब्द आहे आणि चांगला वापरात आहे, सरकारी कागदात 'अस्थायी पदे' असतात ना, ती तात्पुरती. म्हणून वहीत अस्थायी लिहू नका, वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो.

मग अस्ताईतला अ आला कुठून? तो नकाराचा अ नाहीच. शब्दाच्या सुरुवातीला स ला जोडून दुसरं व्यंजन आलं की उत्तरेकडच्या बोलींमध्ये जीभ आधी एक स्वर घेते, स्नानचं अस्नान होतं, स्तुतीचं अस्तुति होतं, अगदी स्कूलचंसुद्धा इस्कूल होतं. तसंच स्थायीचं अस्थाई आणि पुढे अस्ताई. ख्यालाच्या चिजा बहुतेक ब्रज-हिंदी वळणाच्या, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या मंडळींनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली तेव्हा चिजांसोबत तालमीतले बोलायचे शब्दही आले. त्यामुळे बोलताना अस्ताई म्हणा, ते तालमीचं मराठी आहे, त्यात अशुद्ध काही नाही. लिहिताना मी स्वतः स्थायी लिहितो, आणि कुणाचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं असेल तर अस्ताई. मधलं अस्थायी मात्र टाळायचं. लिंगाबद्दलही थोडं सांगतो कारण तिथे गोंधळ होतो, ती स्थायी पण तो अंतरा, म्हणून 'अंतऱ्यात', 'दोन अंतरे'. 'अंतरेमध्ये' असं हल्ली लिहिलेलं दिसतं ते हिंदीवरून आलंय.

आता तुमची ओळ. "सारखी परत येते ती स्थायी" हे पालुपदाला जास्त लागू आहे. भजनात टाळकरी मंडळी पूर्ण ओळ परत म्हणतात ते पालुपद किंवा ध्रुवपद, गाथेत ज्याच्यापुढे ॥ध्रु.॥ छापलेलं असतं ते. आणि गंमत बघा, तुकोबांच्या गाथेत ते ॥ध्रु.॥ पुष्कळदा पहिल्या नाही तर दुसऱ्या कडव्यापुढे असतं, म्हणजे ध्रुवपद पहिलंच असायला हवं असं काही नाही. आपल्या सोलापुरातल्या पूर्व भागातले तेलुगू शेजारी याच कामाला पल्लवी म्हणतात. बंदिशीत मात्र स्थायी हा पूर्ण पहिला भाग असतो, बहुतेकदा दोन ओळींचा, आणि गाताना सारखा परत येतो तो तिच्या सुरुवातीचा तुकडा, समेपर्यंतचा, त्याला मुखडा म्हणतात. आलाप करून, तान घेऊन गाणारा परत येतो तो मुखड्यावर, पूर्ण ओळीवर दरवेळी नाही. म्हणून ओळ ठरवणं म्हणजे खरं तर मुखडा कुठे सुरू होतो आणि समेवर कुठलं अक्षर पडतं ते ठरवणं.

तीनताल 16 मात्रांचा, सम पहिल्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. मध्यलयीतल्या पुष्कळ चिजा नवव्या मात्रेपासून उठतात, म्हणजे मुखड्याला 8 मात्रा मिळतात आणि मग सम. (सातवीपासून, बारावीपासून उठणाऱ्याही आहेत पण पहिल्या बंदिशीला नववी सोपी जाते, हाताने ताल धरताना खाली आली की उठायचं एवढंच लक्षात ठेवायचं.) तुमची ओळ तशी मांडून बघितली :

सि द्ध रा ऽ | मा ऽ मी ऽ | श र ण तु | ला ऽ ऽ ऽ

तिसरा गट समेपासून सुरू होतो, म्हणजे सम 'श'वर आली. शब्द महत्त्वाचा आहे, शरण, पण अक्षर ऱ्हस्व आहे. समेवर आवाज थांबतो, टेकतो, आणि ऱ्हस्व अ वर टेकलं की तो लांबतो आणि ऐकणाऱ्याला 'शारण' ऐकू येतं. लांबवायचं नाही म्हणून पटकन पुढे गेलात तर समेवर बसल्याचं समाधानच मिळत नाही, तबलेवाल्याची सम येते आणि तुम्ही तिच्यावरून घसरून पुढे गेलेले असता. मराठीत बंदिश बांधताना हे फार होतं कारण आपले शब्द ऱ्हस्व अक्षरांनी भरलेले असतात. उपाय सोपा आहे, शब्द तेच ठेवा फक्त 'मी' काढा आणि क्रम फिरवा :

श र ण तु | ला ऽ सि द्ध | रा ऽ ऽ ऽ | मा ऽ ऽ ऽ

आता सम 'रा'वर, दीर्घ आ, तोंड पूर्ण उघडं, आणि नावाच्या ऐन मध्यावर. 'मी' गेला त्याने काही बिघडत नाही, शरण तुला म्हटल्यावर कोण आलंय ते कळतंच. सम शब्दाच्या मधे पडली तर चालतं का असं तुम्ही विचाराल, चालतं, शब्दाचं वजनदार अक्षर असलं की झालं. घरी तपासायचं असेल तर ओळ नुसती बोला, चालीशिवाय, आणि फक्त समेला टाळी वाजवा, मुखडा पाच वेळा लागोपाठ म्हणा. पाचही वेळा टाळी आणि दीर्घ अक्षर एकत्र पडलं तर मुखडा बसला.

स्थायीची दुसरी ओळ मी अशी सुचवीन, आपल्या सिद्धेश्वर तळ्यावरून, 'तळ्याकाठी दे विसावा' :

त ळ्या का ठी | दे ऽ वि सा | वा ऽ ऽ ऽ | ऽ ऽ ऽ ऽ

सम परत आ वर. चाल करताना ही दोन्ही ओळी मंद्र धैवतापासून मध्य सप्तकातल्या धैवतापर्यंतच ठेवा. मुखडा उदाहरणार्थ ग रे सा ध़, सा ऽ रे प आणि समेवर ग, भूपाचा वादी गंधार असल्यामुळे समेवर ग आला की राग पहिल्या आवर्तनातच उभा राहतो. स्थायीतच हौसेने तार षड्जाला जाऊन आलात तर अंतऱ्याला जायला जागा उरत नाही, नव्या बंदिशींमधली ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक आहे. (आणि भूप म्हणजे पहाटेची भूपाळी नव्हे, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, पहाटेच्या पूजेसाठी करत असाल तर राग बदलावा लागेल.)

आता अंतरा. वेगळेपणा शब्दातच आहे असं वाटतं कारण मराठीत अंतर म्हणजे फरक, दुरावा. पण इथला अंतर 'मधला' या अर्थाचा आहे, देशांतरमधला नाही तर अंतराळमधला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात प्रबंधाचे जे भाग सांगितलेत त्यात ध्रुव आणि आभोग यांच्या मधे येणारा तो अंतर. पुढे धृपदात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग झाले, ख्यालात त्यातले पहिले दोनच राहिले, म्हणून आपल्याला तो 'दुसरा' वाटतो. मुळात तो स्थायीपासून निघून परत स्थायीकडे जाणारा मधला रस्ता आहे, आणि तुमच्या 'किती वेगळा'चं उत्तर यातच आहे, राग तोच, ताल तोच, लय तीच, जागा वेगळी आणि नजर वेगळी, आणि शेवट असा की मुखडा आल्याशिवाय पूर्ण वाटू नये.

तुमची स्थायी एकट्याची आहे, तळ्याकाठी शांत. मग अंतरा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नेऊ, संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात तिथे :

नं दी ध्व ज | ग ग नी ऽ | डो ऽ ऽ ऽ | ले ऽ ऽ ऽ
ग र्दी त या | मी ऽ ए क | ला ऽ ऽ ऽ | ऽ ऽ ऽ ऽ

पहिली ओळ खालून वर चढते, डोळे काठीच्या टोकाकडे जातात तसे, आणि समेला 'डो'वर तार षड्ज. 'डोले' हाच शब्द तिथे हवा, कारण तिथे आवाज सां वर टेकून पुढे रें ला हलकेच स्पर्श करून परत येऊ शकतो, काठी डोलते तसाच. मी आधी 'नंदीध्वज डुलती गगनी' असं केलं होतं, वाचायला ते बरं वाटतं पण सम ग वर येते, परत तोच ऱ्हस्वाचा घोळ.

चढताना एक जपा. प प ध ध, ध ऽ ध ऽ, सां असं धैवत धरून वर गेलात तर भूप राहत नाही, देशकार ऐकू येतो. स्वर पाचही तेच, पण देशकारात वादी धैवत आणि सगळा जोर वरच्या अंगात. अंतरा वरच्या अंगातच फिरणार म्हणून धोका नेमका इथेच असतो. ग ग प ग, प प ध ऽ, सां असं गंधारावरून पाय उचला, धैवतावर रेंगाळू नका. ओळखायची खूण अशी की अंतऱ्याची ओळ गाऊन लगेच मुखड्याचा ग लावा, तो ग परका वाटला तर तुम्ही देशकारात गेला होतात.

दुसरी ओळ सांध्याची. सां ध प ग, रे ऽ ग रे, समेला सा, असं उतरत यायचं, आठव्या मात्रेपर्यंत सा धरायचा आणि नवव्याला मुखड्याचा ग उचलायचा. आणि अर्थही तिथेच जोडला जातो, 'गर्दीत या मी एकला' आणि त्याला लागून 'शरण तुला सिद्धरामा'. स्थायीतून काढलेला 'मी' इथे परत आला बघा, इथे त्याची गरज होती कारण समोर गर्दी आहे. बाई गाणार असतील तर 'एकली' म्हणावं, समेला ई येतो, तोही दीर्घच, काही अडत नाही.

शेवटच्या ओळीत स्वतःची मुद्रा घालायची पद्धत आहे, सिद्धरामांच्या स्वतःच्या कन्नड वचनांमध्ये 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही अंकित मुद्रा येते तशी. तुम्हाला घालायची असेल तर 'एकला'च्या जागी तीन अक्षरांचं, शेवट दीर्घ असलेलं नाव बसेल, पण मग मुखड्याशी जोडलेला अर्थ तुटतो का ते आधी गाऊन बघा, माझ्या मते या बंदिशीत तो तुटतो.