थॉट रेकॉर्ड: कागदावर लिहून विचार कसा बदलतो?

प्रश्न: थेरपिस्टनी सीबीटी या विचार-वर्तन थेरपीमध्ये थॉट रेकॉर्ड भरायला सांगितलाय. नुसतं लिहून मनातले वाईट विचार कसे काय बदलतात? मी अगदी नवखा आहे.

नुसतं लिहून नाही बदलत. पण लिहिलं की विचार तपासता येतो, आणि तपासल्यावर बहुतेक वेळा त्याचा जोर ओसरतो. मी बरेच महिने हे तक्ते भरलेत, त्यातलाच एक सांगते.

पहिला रकाना प्रसंगाचा. मी लिहिलं होतं, "मंगळवार, दुपारी मीटिंगमध्ये माझी फजिती झाली." थेरपिस्ट म्हणाल्या, कॅमेऱ्यात फजिती दिसते का? मग खोडून लिहिलं, "साहेबांनी मागच्या तिमाहीचा आकडा विचारला. मी चुकीचा सांगितला, सहकारी मैत्रिणीने दुरुस्त केला." दुसऱ्या रकान्यात भावना, एकेका शब्दात, 0 ते 100 च्या मापात: लाज 85, भीती 60.

तिसरा रकाना विचारांचा, आणि गाडी इथेच अडते. 1960 च्या दशकात सीबीटीची पद्धत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांना नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच आढळलं होतं: मनात झटकन एखादं वाक्य येऊन जातं, माणूस त्याला विचार न समजता वस्तुस्थितीच समजतो. म्हणून ते वाक्य पकडावं लागतं. मी लिहिलं, "मी हे कसं विसरले?" आता प्रश्न काही खरा-खोटा ठरवता येत नाही. त्याचं मी मनातल्या मनात काय उत्तर दिलं होतं? "कारण मला हे काम जमतच नाही." आणि त्याच्या मागोमाग, "आता ते सगळ्यांना कळलं." यातला सगळ्यात जास्त टोचणारा विचार निवडायचा, त्याला हॉट थॉट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. "आकडा विसरले" एवढंच मनात असतं, तर लाज 85 झाली असती का? नाही, फार तर 30. "मला काम जमत नाही" म्हटलं की 85 चा हिशेब लागतो.

चौथ्या रकान्यात त्या विचाराच्या बाजूचे पुरावे. मी लिहिलं, "मला अगदी मूर्ख असल्यासारखं वाटत होतं." तेही खोडलं गेलं, कारण वाटणं हा पुरावा नव्हे. उरलं ते एवढंच: आकडा खरंच चुकला होता, आणि मागच्या महिन्यात एका मेलला फाइल जोडायची राहिली होती. हा रकाना टाळू नका. आपली खरी चूक कागदावर मान्य केली नाही, तर पुढचं काहीच मनाला पटत नाही.

पाचव्यात विरुद्ध बाजूचे पुरावे. मी दहा मिनिटं कोऱ्या रकान्याकडे बघत बसले होते. मग थेरपिस्टनी विचारलं, हेच तुमच्या मैत्रिणीच्या हातून झालं असतं तर? तेव्हा आठवलं की मला दुरुस्त करणाऱ्या त्याच मैत्रिणीने आधीच्या आठवड्यात एक तारीख चुकीची सांगितली होती, आणि तिला काम येत नाही असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग एकेक सुचत गेलं. त्याच मीटिंगमध्ये मी सांगितलेले बाकीचे चार आकडे बरोबर होते. पुढच्या तिमाहीचा अहवालही साहेबांनी माझ्याकडेच दिला होता.

सहाव्या रकान्यात दोन्ही बाजू धरून एक वाक्य. "मी हुशार आहे" छापाचं नको, मन त्याच्यावर लगेच हसतं. माझं होतं: "मी उजळणी न करता गेले आणि एक आकडा चुकला; पण चार बरोबर होते आणि पुढचं कामही मलाच मिळालं, म्हणजे काम जमत नाही असं नाही." हे मला साधारण 70 टक्के पटलं. शेवटच्या रकान्यात भावना परत मोजल्या: लाज 45, भीती 30. शून्य होत नाही, तशी अपेक्षाही नसते.

आकडा हललाच नाही, तर बहुधा टोचणारा विचार वेगळाच असतो, किंवा सहावं वाक्य आपल्यालाच पटलेलं नसतं. कधी कधी विचार खराच निघतो. तेव्हा त्याच्याशी वाद घालत न बसता पुढे काय करायचं ते ठरवायचं. काही विचार कागदावर सुटतच नाहीत. "सगळ्यांना कळलं" हा तसाच. शेवटी मी त्या मैत्रिणीला सरळ विचारलं. "कुठला आकडा?" म्हणाली.

एकाच शंकेचा तक्ता दिवसातून पाच-सहा वेळा भरावासा वाटू लागला, तर थेरपिस्टना जरूर सांगा. विशेषतः ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार, असेल तर तक्ताच स्वतःची खात्री करून घेण्याचा चाळा बनू शकतो. आणि नैराश्य खूप खोल असेल तर पाचवा रकाना रिकामाच राहतो. अशा वेळी थेरपिस्ट बऱ्याचदा आधी दिनक्रमातल्या छोट्या कृतींपासून सुरुवात करतात.

तुम्ही पहिला आठवडा पहिले तीनच रकाने भरा, तेही त्याच दिवशी. दोन दिवसांनी लिहायला बसलात तर प्रसंग आठवतो, ते झटकन आलेलं वाक्य मात्र हाती लागत नाही.