‘हल्ली’ अशुद्ध, मग ‘अहवाल’ शुद्ध कसा?

प्रश्न : रोजच्या मराठीतले कोणते शब्द परभाषेतून आलेत हे कसं ओळखायचं? मूळ भाषेपर्यंत स्वतः माग काढता येतो का? शब्दसंग्रह वाढवायचा आहे.

काढता येतो. पण त्यासाठी ‘मराठीतले दोनशे फारसी शब्द’ छापाच्या याद्या पाठ करू नका. त्यातून एवढंच कळतं की ‘दुकान’ आपलं नाही आणि ‘बाजार’ही आपला नाही. एकच शब्द घ्या आणि त्याचं गणगोत शोधा. मी ‘हाल’ घेतो. ‘त्याचे हाल कुत्रा खात नाही’ यातला हाल. हाच का, तर या शब्दावरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालंय आणि माझ्या बाजूने ते अजून मिटलेलं नाही.

मी मुद्रितशोधनाची कामं करायचो तेव्हा एका संस्थेचं वार्षिक प्रकाशन माझ्याकडे आलं होतं. अध्यक्ष भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते. मुद्रितं परत आली ती लाल शाईने रंगून. ‘हल्ली’ खोडून ‘सांप्रत’, ‘खर्च’ खोडून ‘व्यय’, ‘फक्त’ खोडून ‘केवळ’. एका सभासदांच्या पत्त्यातल्या ‘ह. मु.’लाही त्यांनी सोडलं नव्हतं. समासात शेरा होता, ‘यावनी शब्द टाळावेत’. आणि मुखपृष्ठावर मोठ्या टायपात तसंच राहिलं होतं : ‘वार्षिक अहवाल’.

मी विचारलं, साहेब, हा शब्द ठेवायचा का? ते म्हणाले, अहो, हा तर शुद्ध मराठी शब्द आहे, सगळ्या सरकारी कागदांवर असतो.

आता बघा. ‘हाल’ हा अरबी शब्द, अर्थ स्थिती, अवस्था. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. स्वर बदलले, पुढेमागे अक्षर लागलं की नवा शब्द तयार होतो. ‘हाल’चा सांगाडा ह-व-ल असा आहे. मधला ‘व’ एकवचनात दिसत नाही, तो लांब ‘आ’मध्ये विरघळतो. अनेकवचन केलं की तो पुन्हा वर येतो : अहवाल. म्हणजे ‘अहवाल’ हे निव्वळ ‘हाल’चं अरबी अनेकवचन. संस्थेच्या वर्षभरातल्या स्थिती, असा त्याचा सरळ अर्थ.

हा अनेकवचनाचा साचा एकदा कानात बसला की आणखी जोड्या सापडतात. खबर आणि अखबार. सबब आणि असबाब (‘मालअसबाब’मधला, सबब म्हणजे कारण, साधन, आणि साधनांवरून सामान). ‘बाब’चं अनेकवचन अबवाब, म्हणजे मोगली महसुलातल्या जादा पट्ट्या. इथेही एकवचनात लपलेला ‘व’ बाहेर आलाय. ‘अफवा’ही याच साच्यातली. अरबीत तिचा अर्थ ‘तोंडं’. तोंडातोंडी पसरते ती अफवा, आणि आपण बिनदिक्कत तिचं पुन्हा ‘अफवांना’ असं अनेकवचन करतो.

आता बाकीचं गोत. ‘हल्ली’ याच ‘हाल’चा. आत्ताची स्थिती ती हाली, तिचं मराठीत हल्ली झालं. जुन्या लिखाणात तो शेवटी अनुस्वार देऊन ‘हल्लीं’ असा असायचा. पत्त्यातलं ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम, आणि त्यातला मुक्कामही अरबीच. ‘खुशाल’ म्हणजे खुश-हाल, मधला ह गळाला. फारसीतली सुस्थिती मराठीत आली आणि तिची परवानगी झाली : ‘खुशाल जा’. ‘बहाल’ म्हणजे फारसी ‘ब’ अधिक हाल, पूर्वीच्या स्थितीत. पदावरून दूर केलेल्याला पुन्हा पदावर घेतलं की तो बहाल होई. पुढे नुसतं देऊन टाकणं म्हणजे बहाल करणं झालं. ‘बेहाल’ सांगायला नकोच.

‘हवाला’ही याच सांगाड्याचा. स्थिती बदलणं, एकाकडून दुसऱ्याकडे जाणं, म्हणून सोपवणं. त्यावरून ‘हवाली करणे’. त्याला फारसी ‘दार’ (धारण करणारा) जोडला की हवालदार, ज्याच्या हवाली काही आहे तो. शिवकाळात गडाचा मुख्य अधिकारी हवालदार असे, त्याच्या जोडीला सबनीस आणि सरनोबत. आज पोलिसांत तोच शब्द बराच खाली उतरलाय. शब्दांनाही पदावनती मिळते.

म्हणजे अध्यक्षांनी ‘हल्ली’ला घराबाहेर काढलं आणि त्याच्याच सख्ख्या भावाला मुखपृष्ठावर बसवलं. मी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. उत्तर आलं की राज्यव्यवहारकोश वाचा. वाचला होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून तो झाला, त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेत. अष्टप्रधानांत वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत झाला हे खरंच. पण तो कोश राज्यकारभाराच्या शब्दांचा होता, आणि कारभारातसुद्धा पेशव्याला पुढची जवळजवळ दीडशे वर्षं लोक पेशवाच म्हणत राहिले. माझं म्हणणं एवढंच : शब्द काढायचा असेल तर खुशाल काढा, पण आधी तो कोण आहे हे तरी माहीत हवं.

तुम्ही हे स्वतः कसं कराल? शब्द आधी मोल्सवर्थच्या कोशात बघा. 1831चा कोश, 1857ची सुधारलेली आवृत्ती, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. शब्दापुढच्या खुणेवरून तो अरबी, फारसी की संस्कृत ते लगेच कळतं. कृ. पां. कुलकर्णींचा 1946चा मराठी व्युत्पत्तिकोश त्याच्या जोडीला ठेवा. पण इथे थांबू नका. अरबी-फारसी खूण दिसली की तोच शब्द स्टाइनगासच्या 1892च्या फारसी कोशात गाठा आणि मूळ लिपीतलं लेखन बघा. ती लिपी येत नसेल तर अक्षरओळखीपुरती शिका, आठवड्याभराचं काम आहे.

लिपीचा एवढा आग्रह का, तर देवनागरी इथे दगा देते. अरबीत दोन ‘ह’ आहेत, एक घशातून घासून येणारा आणि दुसरा आपल्या ‘ह’सारखा. मराठीत दोन्हींचा एकच ‘ह’ होतो. ‘हवालदिल’ शब्द घ्या. दिसायला थेट हवालाचा भाऊ. पण त्याचं मूळ ‘हौल’, म्हणजे भीती, धास्ती, आणि दिल म्हणजे काळीज. या ‘हौल’चा ‘ह’ दुसरा आहे. त्यामुळे हाल, हवाला, हवालदार एका घरातले आणि हवालदिल शेजारच्या गल्लीतला. ‘हलाखी’चंही तेच. हाल होतात तेव्हा हलाखी येते म्हणून दोन्हींचं नातं लावायचा मोह होतो. पण हलाखी निघाली ‘हलाक’ म्हणजे नाश या शब्दातून, आणि तिचाही ‘ह’ दुसराच.

सगळ्यात गमतीचा ‘हालचाल’. हिंदीत ‘हालचाल’ विचारतात तेव्हा तो अरबी ‘हाल’ असतो, कसं काय बरं आहे ना, असा. मराठीत ‘शत्रूच्या हालचाली’ म्हणतो तेव्हा तो हालणे-चालणे यातला हाल. हालणे प्राकृतातून आलेलं, अरबीशी काही संबंध नाही. अक्षरन्‌अक्षर सारखं आणि मूळ वेगळं. ओळखायचं कसं? मराठीत त्याचं क्रियापद आहे का बघा. ‘हालणे, हलवणे’ असं घरचं कुटुंब दिसतंय, अर्थही जुळतोय, मग बाहेर शोधायला जाऊ नका. अर्थ ‘स्थिती’चा असेल तरच अरबीकडे वळा. नुसत्या आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती लावणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत.

आणखी एक. मराठीत यातले बहुतेक अरबी शब्द थेट अरबांकडून आलेले नाहीत, ते फारसीच्या हाताने आले. म्हणून अर्थ अरबी कोशातला जसाच्या तसा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘तक्रार’ अरबीत पुनरुक्ती. तेच तेच बोलत राहिलं की वाद होतो, म्हणून फारसीकडे तो वादावादीकडे झुकला, आणि आपल्याकडे गाऱ्हाणं झाला. मधली पायरी सोडली तर दोन टोकं जुळत नाहीत आणि माणूस म्हणतो की व्युत्पत्तीच चुकीची आहे. अध्यक्षांनी ‘हल्ली’बद्दल नेमकं हेच म्हटलं होतं : अवस्थेचा आणि काळाचा काय संबंध? ‘सद्यःस्थिती’ हा त्यांचा लाडका शब्द होता, त्यात तो संबंध त्यांना चालत होता.

स्वतः करून बघायचं असेल तर मुक्काम, कायम आणि किंमत घ्या. तिन्ही एकाच सांगाड्याचे आहेत, क-व-म, उभं राहणं. ‘व’ कुठे कुठे गेला ते शोधा. ‘रक्कम’ मात्र त्यात घालू नका, तिचा सांगाडा र-क-म.

हे सगळं अरबी शब्दांपुरतं, हे आधीच सांगायला हवं होतं. फारसीचे स्वतःचे शब्द सांगाड्याने नाही, जोडकामाने बनतात (‘दार’, ‘बे’, ‘खुश’ वर आलेच). पोर्तुगीज शब्दांना तर ही रीत मुळीच लागू नाही, तिथे उच्चार बघावा लागतो. ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली म्हटलं की लोक विचारतात, मग ‘शावी’ का नाही? कारण सोळाव्या शतकातले पोर्तुगीज तो ‘च’च म्हणत, ‘श’ त्यांच्याकडे नंतर झाला. आपल्या चावीत त्यांचा जुना उच्चार शिल्लक आहे. आणि ‘तूप’ कन्नड ‘तुप्प’शी जोडतात, तिथे शेजारी भाषांची हजार वर्षांची देवघेव असल्यामुळे कोणी कोणाकडून घेतलं हे प्रत्येक शब्दाला वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी कानडी येणाऱ्या कोणाला तरी धरा. ते काम कोशावर सोडून भागत नाही, आणि अध्यक्षांवर तर नाहीच नाही.