पॅनल साच्यातून उचलताना

तुझं ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, १५० मिमी जाड काँक्रीट पॅनल वरच्या कडेत बसवलेल्या, हुक अडकवायच्या दोन इन्सर्टांनी उभं करायचं आहे ना? इन्सर्ट टोकांपासून लांबीच्या ०.२०७ पटीवर, म्हणजे साधारण १.२५ मीटरवर घेतलेस, ते बरोबर. पण खरी काळजी उंचीच्या दिशेची आहे. वरची कड उचलली जाते त्या क्षणी खालची कड साच्यावरच टेकलेली असते, म्हणजे पॅनल ३ मीटर स्पॅनची साधी तुळई होतं. पॅनलला वाकवणारा मोमेंट सर्वांत जास्त तेव्हाच येतो. उभं होत जाईल तसा तो कमी होतो.

हिशेब करून बघ. वजन ३.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, त्यावर साच्याला चिकटणं आणि झटका यांसाठी १.५ गुणक. मोमेंट दर मीटर रुंदीला ६.३ किलोन्यूटन-मीटर, ताण सुमारे १.७ एमपीए. काँक्रीट १५ एमपीएला पोचलं असेल तर तडा जाण्याची मर्यादा २.७, सुरक्षेसाठी १.५ ने भागली की १.८. जेमतेम बसतंय! हेच पॅनल १२० मिमीचं असतं तर ताण २.१ वर गेला असता. मग साच्यासकट पॅनल उभं करणारं टिल्टिंग टेबलच हवं.

म्हणून चाचणीचा क्यूब फोडून काँक्रीटची ताकद बघितल्याशिवाय हुक लावू नकोस. बाजूचे साचे आधी पूर्ण सोडव आणि क्रेन हळू ताणायला सांग. उभं झालं की साच्याकडच्या पृष्ठभागावर थोडं पाणी मार. मध्यउंचीवर आडवी ओली रेघ उशिरा सुकली, तर तडा गेलाय.