मोहोरावर बाग घ्यावी का? रिबा, घरार आणि सलम

प्रश्न: "दापोलीला ओळखीच्या बागायतदाराला डिसेंबरात 2 लाख हवेत. तो म्हणतो मोहोर आलेली बाग तुम्हीच घ्या, नाहीतर उसने द्या, मे मध्ये 2 लाख 20 हजार देतो. अब्बा म्हणतात दोन्ही शरियतमध्ये बसत नाही. का? मग करू काय?"

अब्बा बरोबर आहेत. उसन्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. कर्ज दिलं की जेवढे दिले तेवढेच परत, वर ठरवून घेतलेले 20 हजार म्हणजे रिबा, व्याजच, मग त्याला नफा म्हणा की मेहनताना, आणि त्याने राजीखुशीने कबूल केलं तरी फरक पडत नाही.

मोहोराचं मात्र नीट समजून घ्या. तिथे व्याज नाहीये, विक्रीच आहे, पण विकलं जाणारं फळच अजून झालेलं नाही. तुडतुडे पडले, अवकाळी पाऊस आला की मोहोर काळा पडून गळतो आणि तुमचे 2 लाख गेले, उलट झाड लगडलं तर बागायतदार हळहळणार. वस्तू मिळेल का, किती मिळेल हेच माहीत नसताना किंमत पक्की करणं, हा घरार. हदीसमध्ये फळ पिकायची चिन्हं दिसेपर्यंत ते विकायला मनाई आहे आणि कारणही दिलंय, अल्लाहने फळच रोखलं तर आपल्या बांधवाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मजहबचे, त्या मताने कैरी धरल्यावर लगेच तोडून न्यायच्या अटीवर विकता येते, म्हणजे लोणच्याचा सौदा चालतो, पण पिकेपर्यंत झाडावर ठेवायची बोली केली की नाही चालत.

मग आगाऊ पैसे द्यायचेच असतील तर सलम करा, म्हणजे पैसे आज पूर्ण आणि ठरलेला माल ठरल्या तारखेला. धरा 80 रुपये किलोने 2,500 किलो हापूस, म्हणजे बरोबर 2 लाख. जात, प्रत, फळाचा आकार, 10 मे तारीख, माल कुठे द्यायचा, सगळं कागदावर, आणि पूर्ण रक्कम त्याच बैठकीत हातात द्यायची, अर्धे आता अर्धे नंतर केलं की सलम राहत नाही. 'याच बागेचा माल' असं लिहू नका, नाहीतर घरार परत आत आला. त्याची बाग गेली तरी त्याने बाजारातून घेऊन माल द्यायचा, आणि बाजारातच नसेल तर तुम्ही थांबा किंवा तुमचे 2 लाख परत घ्या, एक रुपया जास्त नाही.

मे मध्ये भाव 60 झाला तर तोटा तुमचा, 110 झाला तर फायदा तुमचा, आणि हा फायदा हलाल आहे कारण तुम्ही भावाची जोखीम घेतलीय. पण माल ताब्यात यायच्या आधी दुसऱ्याला विकू नका, ते चालत नाही. माझं मत विचाराल तर जामीनदार किंवा तारण घ्याच, सलममध्ये त्याला बंदी नाही, आणि हे 2 लाख घरखर्चाचे किंवा आजारपणासाठी ठेवलेले असतील तर 1 लाखाचाच करा.