काचेच्या नळीतलं रक्त

प्रश्न: वहिनीची वार बाळंतपणाआधीच सुटली आणि मग डीआयसी झालं म्हणे. रक्तात गुठळ्या झाल्या म्हणून रक्तस्राव थांबेना, असं सांगितलं. गुठळ्या झाल्या तर रक्त थांबायला हवं ना? डॉक्टर काही लपवताहेत का?

लपवताहेत की नाही, ते मला इथे बसून कळणार नाही. पण तुम्हाला जे सांगितलं ते खोटं नाही. मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते आणि हे डोळ्यांनी पाहिलंय.

दूध नासलं की काय होतं? चोथा वेगळा, पाणी वेगळं. त्या पाण्याला मग कितीही विरजण लावा, दही लागत नाही, कारण दही व्हायला जे लागतं ते आधीच चोथ्यात गेलेलं असतं. वार सुटते तेव्हा दुखावलेल्या भागातून टिश्यू फॅक्टर नावाचा पदार्थ आईच्या रक्तात उतरतो. एरवी जखम झाली की तिथल्या तिथे रक्त गोठवायचं, हे त्याचं काम. इथे तो अंगभर फिरतो आणि बारीक बारीक रक्तवाहिन्यांमध्ये जाळं विणायला लावतो. त्या जाळ्याचा धागा फायब्रिनोजेनपासून बनतो, प्लेटलेट्स त्यात अडकतात. साठा असा नको तिथे संपतो, यालाच डीआयसी म्हणतात. शिवाय शरीर ती जाळी विरघळवायला लागतं आणि विरघळलेले तुकडे नवीन गुठळी नीट बसू देत नाहीत. मग जिथे खरी जखम आहे, म्हणजे गर्भपिशवीत, तिथे पाण्यासारखं रक्त वाहत राहतं.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वीची, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातली. दुसरटकरीण, आठवा महिना, प्रेशर १७० वर ११०. पोट लाकडासारखं कडक, हात लावू देईना. बाळाचे ठोके लागत नव्हते. आणि बाहेर रक्त किती, तर साडीला लागलेला एक काळपट डाग. नवीन माणूस इथेच फसतो. रक्त वारेमागे साचत असतं, बाहेर येतंच असं नाही.

सुई टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला होता, तो काढला की पुन्हा झिरपायचं. म्हणून मी कोणी न सांगता २ मिली रक्त साध्या काचेच्या नळीत घेतलं आणि मुठीत धरून बसले. मुठीत अशासाठी की रक्त अंगाइतकं गरम राहावं. ४ मिनिटांनी नळी हळूच कलती करून बघायची, मग दर मिनिटाला. रक्त नीट गोठलं की नळी उलटी केली तरी सांडत नाही. ७ मिनिटांत गोठलं नाही, किंवा गुठळी मऊ राहून हलवताच फुटली, तर गोठण्यात बिघाड आहे असं धरायचं. माझ्या मुठीत ७ मिनिटांनी सरळ रक्त होतं. १० मिनिटांनी सायीसारखं काहीतरी धरलं, टिचकी मारली तर तुटलं.

मी रजिस्ट्रार मॅडमना नळी दाखवली. त्यांच्या हातात नुकताच आलेला रिपोर्ट होता. फायब्रिनोजेन २१०, प्लेटलेट्स १ लाख १० हजार. लॅबच्या कागदावर फायब्रिनोजेनची नॉर्मल मर्यादा २०० ते ४०० छापलेली, त्यामुळे आकड्यापुढे कसलीच खूण नाही. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे. तुमची नळी ओली असेल."

नळी ओली नव्हती. आणि तो आकडा नॉर्मल नव्हता. ती मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची. दिवस भरत आलेल्या बाईचं फायब्रिनोजेन ४०० ते ६०० असतं. म्हणजे २१० म्हणजे निम्मा साठा संपलेला, आणि अजून संपतोच आहे. रक्त वाहत असताना २०० च्या आसपासचा आकडा म्हणजे मोठ्या रक्तस्रावाची वर्दी. हे आज शिकवतात. तेव्हा मला आकडा माहीत नव्हता, नळी माहीत होती.

पाणमोट फोडली, कळांचं सलाइन लावलं. हे बरोबरच केलं. बाळ गेलेलं असेल आणि आई तग धरून असेल, तर सिझर टाळलेलंच बरं, कारण न गोठणाऱ्या रक्तात सुरी घालायची म्हणजे प्रत्येक टाक्यातून गळती. खालून बाळंत झाली तर पिशवी आवळून स्वतःच्या वाहिन्या दाबून धरते. तीन तासांनी बाळंत झाली. वारेमागून काळ्या गाठी निघाल्या, जवळजवळ लिटरभर. त्यानंतर ट्रेमध्ये जे पडत होतं त्यात एकही गाठ नव्हती. लघवीच्या पिशवीत लाल, हिरड्यांतून लाल. दुसरा रिपोर्ट आला, फायब्रिनोजेन ७०.

तोवर वर चढत होत्या फक्त लाल पेशींच्या पिशव्या आणि सलाइन. लाल पेशींच्या पिशवीत फायब्रिनोजेन जवळपास नसतंच, म्हणजे नासलेल्या दुधाच्या पाण्यात आणखी पाणी! मोठे सर आले, नळी बघितली आणि प्लाझ्मा व क्रायो मागवलं. क्रायो म्हणजे प्लाझ्मातून काढलेला, कमी मापात जास्त फायब्रिनोजेन असलेला भाग, एक पिशवी जेमतेम १०-१५ मिलीची. दहा लावल्या. पण ते गोठवलेलं असतं, वितळवायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास पहिल्या नळीच्या वेळीच सुरू करता आला असता, हे माझं भांडण. दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडम म्हणाल्या, "पहिला रिपोर्ट नॉर्मल होता, कोणाला कळणार?" मला कळलं होतं. मी गप्प बसले, ते आजही खुपतं.

बाई वाचली. वार निघाली की मूळ कारण गेलं, दिवसभरात रक्त पुन्हा गोठायला लागलं, प्लेटलेट्सना मात्र काही दिवस लागले. दोन दिवस लघवी फार कमी होती. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं हे एक, आणि बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या हे दुसरं. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी एकाच बाईत, एकाच वेळी.

आता थोडं सांभाळून. हे सगळं वार सुटल्यावरच्या डीआयसीचं. जंतुसंसर्ग अंगभर पसरून होतो त्या डीआयसीत गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाच दबते, म्हणून तिथे रक्तस्रावापेक्षा अवयव बंद पडणं जास्त दिसतं, बोटं काळी पडतात. तिथला हिशोब वेगळा. नळीची परीक्षाही ढोबळ आहे. ती नीट गोठली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, आणि प्लास्टिकच्या नळीत करायचीच नाही, त्यात चांगलं रक्तसुद्धा उशिरा गोठतं. आमच्या स्टोअरने काचेच्या नळ्या बंद केल्या तेव्हा मी तीन अर्ज दिले होते. असो.

डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका, केस पेपरची प्रत मागा. फायब्रिनोजेन किती वेळा तपासलं, किती वाजता, आणि पहिली प्लाझ्माची पिशवी किती वाजता लागली, एवढं बघा. आकडे उतरत गेलेत आणि पिशव्या त्यांच्या मागोमाग लागल्यात, तर त्यांनी धावपळ केलीय. पहिल्याच आकड्यावर "नॉर्मल" लिहून पुढचे तीन-चार तास कोरे असतील, तर मात्र विचारा.