फॉर्ममध्ये 8.58 लिहू की 11?

*मी नाशिकला एका कंपनीत परचेसमध्ये आहे. सीटीसी 6.60 लाख, हातात 47,000 येतात, राहते आईवडिलांकडे. पुण्याच्या एका कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरतेय आणि Expected CTC भरल्याशिवाय तो पुढेच सरकत नाही. मैत्रीण म्हणते तीस टक्के वाढवून 8.58 लाख टाक. जास्त टाकलं तर बोलावणार नाहीत, कमी टाकलं तर त्यातच अडकेन. काय लिहू?*

तीस टक्क्यांचा हिशोब तुमच्या नाशिकच्या पगारावरून निघतो आणि खर्च मात्र पुण्यात होणार आहे. म्हणून मी उलट्या टोकापासून सुरुवात करेन.

पुण्यात वन बीएचकेचं भाडं 16,000, जेवण-वीज-गॅसचे 5,000 आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याजाण्याचे व किरकोळ धरून 3,000, असे 24,000 समजू. तुमच्या भागातलं भाडं वेगळं असेल तर आकडा बदला, पण रीत हीच ठेवा. आज जेवढे पैसे मागे पडतात तेवढेच पडायला हवे असतील तर हातात 71,000 आले पाहिजेत.

आता 71,000 चं सीटीसी किती? बेसिक निम्मं आणि सगळा पगार फिक्स्ड धरला तर उत्तर बरोबर 10 लाखांच्या आसपास येतं. दहा लाखांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 60,000 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 24,000 आधीच वजा होतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 60,000 आणि प्रोफेशनल टॅक्स 2,500. उरतात साधारण 8.53 लाख, म्हणजे महिना 71,000. सध्याच्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, तेवढं बरं. याच हिशोबाने 8.58 लाखांचे हातात 61,000 येतात. म्हणजे पगार 14,000 ने वाढला आणि खर्च 24,000 ने. मैत्रिणीचा सल्ला मानलात तर दरमहा 10,000 चा खड्डा पडेल.

तेव्हा 10 लाख ही तुमची तळरेषा. ती फॉर्ममध्ये लिहायची नाही. लिहा 11, कारण बोलणी होतात ती तुम्ही लिहिलेल्या आकड्यावरून खालीच. वर क्वचितच कुणी नेतं. घासाघीस होऊन दहाला थांबलं तरी चालेल, एवढी जागा त्यात आहे.

भरताना रकान्याचं एकक बघा. कुठे लाखात म्हणून 11 टाकायचं असतं, कुठे पूर्ण रुपयांत 1100000. मी पाहिलेल्या एका उमेदवाराने रुपयांच्या रकान्यात 11 टाकलं होतं, आणि तो फोनची वाट बघत बसला. शून्य किंवा 1 टाकण्याची युक्तीही मी करणार नाही, कारण भरती करणारी माणसं पगाराच्या टप्प्याप्रमाणे अर्ज चाळतात आणि असा अर्ज त्या चाळणीत कुठेच बसत नाही. अक्षरं लिहिता येत असतील तर 'Negotiable' चालेल, पण तुमचा रकाना बहुधा आकडेच घेत असणार. Current CTC मात्र खरंच लिहा. पगाराच्या स्लिपा मागतातच, आणि पीएफच्या पासबुकावरूनही बेसिक कळतं.

फोन आला की पहिल्यांदा एवढं सांगा: "मी लिहिलेला आकडा फिक्स्डचा आहे, व्हेरिएबल वेगळं. तुमचं या पदाचं बजेट काय आहे?" फॉर्ममधला आकडा करार नाही, रचना कळल्यावर तो बदलता येतो. फरक रचनेतच असतो. दहा लाखांत एक लाख व्हेरिएबल असेल तर हातात सुमारे 63,000 च येतील आणि तो लाख मिळेल न मिळेल. दुसरी कंपनी पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापत असेल, म्हणजे महिना 1,800, तर त्याच दहा लाखांचे 77,500 येतील, पण पीएफमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून वर्षाला 76,800 कमी जमतील. हे तुमचेच पैसे आहेत, ते खर्चात गेले तर वाढ दिसते तेवढी नाही.

एक मात्र तपासा. तुमच्या अनुभवाच्या परचेसवाल्यांना पुण्यात खरंच दहा मिळतात का? नाशिकहून तिकडे गेलेल्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना विचारा, फिक्स्ड किती तेच विचारा. उत्तर आठ-साडेआठ आलं तर 11 लिहून उपयोग नाही. तेव्हा भाड्याकडे बघा: फ्लॅट शेअर करून 16,000 चे 9,000 झाले तर तळरेषा सुमारे एक लाखाने खाली येते आणि फॉर्ममध्ये 9.90 लिहिता येईल. शेअर करायचं नसेल आणि बाजार साडेआठचाच असेल, तर हा अर्ज मी भरणार नाही.